सस्पेन्स खात्यातली मैत्रीण

हे प्रकरण मी जळगावला समुपदेशक म्हणून काम करताना हाताळलेलं आहे. कल्पना आणि हर्षा ही दोन्ही नावं बदललेली आहेत, गावं आणि काही तपशीलही बदलले आहेत. कल्पनानं हा मजकूर वाचून होकार दिला आहे. ती जमाखर्चाचं काम करते हे मात्र तिच्याच सांगण्यावरून तसंच ठेवलं, कारण त्याशिवाय पुढचं काहीच सांगता येणार नाही.

पार्श्वभूमी

कल्पना एकोणतीस वर्षांची. अमळनेरला एका जिनिंगच्या ऑफिसात हिशेब बघते. दिवाळीनंतर कापसाचा सीझन सुरू झाला की तिला मान वर करायला वेळ नसतो, उन्हाळ्यात काम ओसरतं. आठवड्यातून एखाद दिवस बँकेच्या किंवा जीएसटीच्या कामाला ती रेल्वेनं जळगावला येते.

हर्षाची ओळखही याच गाडीतली. दोघी बी.कॉम.ला जळगावला होत्या, पुढे एम.कॉम.लाही. पाच वर्षं अप-डाऊन केलं. कल्पना अमळनेरला चढायची, हर्षा धरणगावला. मधल्या वेळात कल्पना शेजारच्या सीटवर ओढणी टाकून जागा धरायची आणि त्यावरून रोज कुणाशी तरी भांडायची. शिक्षण संपलं, हर्षाला जळगावला एका क्लासमध्ये नोकरी लागली, ती तिथेच खोली करून राहिली. तरी रोज रात्री फोन व्हायचा. कल्पनाच्या शब्दांत, "दिवसभरात काय झालं ते तिला सांगेपर्यंत झालंय असंच वाटायचं नाही."

काय घडलं

एप्रिलच्या मध्यावर, आखाजीच्या म्हणजे अक्षय तृतीयेच्या थोडं आधी, दोघींचं शेवटचं बोलणं झालं. साधंच. आखाजीला हर्षा धरणगावला येणार होती, तेव्हा भेटायचं ठरलं. त्यानंतर कल्पनानं "कधी येतेस?" असा मेसेज टाकला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. आखाजी होऊन गेली. झोके बांधले गेले, सोडले गेले.

पुढच्या एकोणीस दिवसांत कल्पनानं तेवीस मेसेज पाठवले. आधी गंमतीचे, मग काळजीचे, मग रागाचे, मग माफीचे. फोन वाजत राहायचा. एकदा तिनं ऑफिसच्या नंबरवरून लावला, तेव्हा तो उचलला गेला, "हॅलो" ऐकू आलं, कल्पनानं नाव सांगितलं आणि फोन बंद झाला. नेटवर्क गेलं असेल की मुद्दाम ठेवला, हे तिला आजही माहीत नाही.

ब्लॉकही नव्हतं. ब्लॉक केलं की मेसेजवर एकच खूण राहते आणि लास्ट सीन दिसत नाही. इथे खुणा निळ्या व्हायच्या, लास्ट सीन दिसायचं. शिवाय कल्पनानं स्टेटस ठेवलं की बघणाऱ्यांच्या यादीत हर्षाचं नाव यायचं. हे तिला सगळ्यात जास्त लागत होतं. "मला बघते, पण बोलत नाही," असं म्हणताना तिचा आवाज बसायचा.

जूनच्या सुरुवातीला ती माझ्याकडे आली, ती झोपेची तक्रार घेऊन. पहाटे पाचला जाग यायची आणि डोळे उघडण्याआधी हात फोनकडे जायचा. घरी कुणाला सांगण्यासारखं तिला काही वाटत नव्हतं. आईला एकदा सांगितलं, तर आई म्हणाली, "मैत्रीणच ना? सोडून दे. लग्न झाल्यावर तशाही कुठे राहतात मैत्रिणी." नवरा सोडून गेला, साखरपुडा मोडला, तर चार माणसं येऊन बसतात. मैत्रीण बोलायची थांबली तर कुणी चहालाही येत नाही. हे दुःख तिला चोरून करावं लागत होतं, आणि चोरून केलेल्या दुःखात माणूस स्वतःलाच आरोपी करतो, हे मी याआधीही पाहिलं आहे.

पहिली भेट आणि माझी चूक

झोप, जेवण, कामातलं लक्ष याबद्दल विचारून झाल्यावर मी तिला सरळ विचारलं, "जगू नये असं कधी वाटलं का?" ती म्हणाली, नाही. रडायला येतं, भूक कमी झाली आहे, पण तसं नाही. हा प्रश्न आडून विचारण्यात काही अर्थ नसतो. उत्तर हो आलं असतं, तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं आणि टेलिमानसचा १४४१६ हा नंबर तिच्या फोनमध्ये तिथेच सेव्ह करून घेतला असता.

मग तिनं कारणांची यादी वाचून दाखवली. कागदावर अकरा कारणं लिहून आणली होती. मी फार बोलते. माझंच पुराण सांगत बसते. तिला नोकरीत त्रास होता तेव्हा मी सीझनमध्ये होते, फोन घाईत ठेवायचे. मी गावातली, ती आता शहरातली. अकराही कारणांत दोष एकाच माणसाचा होता.

तिचा चेहरा बघून मला राहवलं नाही. मी म्हणाले, "अगं, ती तिच्याच कुठल्या तरी अडचणीत असेल. तुझ्याशी त्याचा संबंधही नसेल." तिला बरं वाटलेलं दिसलं. मलाही बरं वाटलं.

ते बरं वाटणं चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी एका जुन्या वर्गमैत्रिणीनं मेहरूण तलावावर काढलेला फोटो टाकला. त्यात हर्षा होती, हसत होती, हातात मक्याचं कणीस होतं. अडचणीत असलेली माणसं अशी हसत नाहीत, असं कल्पनानं ठरवलं आणि अकरा कारणं दुप्पट जोरानं परत आली. त्यात बारावं जमा झालं. सगळ्यांशी बोलते, फक्त माझ्याशी नाही, म्हणजे दोष माझाच.

माझं कुठे चुकलं ते तेव्हा लक्षात आलं. "दोष माझा" हा जसा पुराव्याशिवायचा अंदाज होता, तसाच "ती अडचणीत असेल" हाही. मी एक अंदाज काढून त्या जागी दुसरा गोड अंदाज ठेवला होता. असा अंदाज एका फोटोनं कोसळतो, आणि कोसळताना माणसाला आधीच्यापेक्षा खाली नेतो. जवळची माणसंही हीच चूक करतात. "तिचा फोन बिघडला असेल", "ती तुझ्यावर जळत असेल", "तिला सासरचे बोलू देत नसतील". या सगळ्याच्या मुळाशी माया असते, पण ऐकणाऱ्याच्या हाती पुरावा एकाचाही नसतो.

खतावणी

दुसऱ्या भेटीत मी कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे "दिसलं", उजवीकडे "लावलेला अर्थ". नियम एकच. डावीकडे फक्त तेच लिहायचं जे कॅमेऱ्यात किंवा फोनच्या पडद्यावर आलं असतं.

कल्पनाला हे जमायला वेळ लागला. तिनं डावीकडे लिहिलं, "माझं स्टेटस बघते पण मुद्दाम बोलत नाही." मी "मुद्दाम" शब्दावर बोट ठेवलं. तो उजवीकडे गेला. मग "बघते" वर आलो. व्हॉट्सॲपमध्ये एकाचं स्टेटस संपलं की पुढच्याचं आपोआप सुरू होतं. यादीत नाव आलं म्हणजे ते तिच्या पडद्यावर चाललं, इतकंच. तिनं ते डोळे भरून पाहिलं, की फोन हातात धरून कुणाशी बोलत होती, हे त्या यादीला ठाऊक नसतं. शेवटी डावीकडे उरलं, "स्टेटसच्या यादीत तिचं नाव आलं." निळ्या खुणांचंही तसंच. चॅट उघडली गेली, एवढंच त्या सांगतात. वाचून ती रडली, वैतागली की उत्तर लिहून पुसलं, हे त्यात कुठेही नसतं.

दीड महिन्याच्या सगळ्या जागरणांतून डावीकडे जेमतेम आठ ओळी झाल्या. उजवी बाजू पाठपोट भरली होती.

ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसली आणि मग स्वतःच म्हणाली, "मॅडम, हे तर सस्पेन्सचं आहे."

मला कळलं नाही. तिनं समजावलं, ते तिच्या शब्दांत लिहिते. "महिनाअखेरीला तेरीज मांडली आणि नावे-जमेची बाजू जुळली नाही, किंवा बँकेत कुणाचे तरी पैसे आले आणि कुणाचे ते कळेना, तर ती रक्कम आपण कुणाच्याही नावावर टाकत नाही. सस्पेन्स खातं उघडतो आणि तिथे ठेवतो. कागद सापडला की उचलून योग्य खात्यात टाकायची. नवी मुलं काय करतात, तेरीज जुळत नाही म्हणून घाबरतात आणि दिसेल त्या खात्यात फरक घालून मोकळी होतात. तेरीज जुळते, पण हिशेब खोटा होतो."

"आणि तू हा फरक कुणाच्या खात्यात घातलास?" मी विचारलं.

ती म्हणाली, "माझ्या."

हा या प्रकरणातला वळणाचा क्षण. मी तो आणलेला नाही, तिनं आणला. मी फक्त पुढचा प्रश्न विचारला. व्हाउचर कशाचं आहे? बारा कारणांपैकी कशाला प्रत्यक्ष पुरावा आहे, म्हणजे हर्षाच्या तोंडचा शब्द, किंवा कल्पनाच्या डोळ्यांसमोर घडलेला प्रसंग?

अकरा कारणांना काही नव्हतं. एकाला होतं, आणि ते यादीत अगदी तळाशी, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. फेब्रुवारीत एका मैत्रिणीच्या हळदीला सगळ्या जमल्या असताना कल्पना हसत म्हणाली होती, "आता फक्त आमची हर्षाबाईच राहिली, तिचं कधी उजवणार कोण जाणे." सगळ्या हसल्या. हर्षाही हसली, पण उठून आत गेली आणि हळद लावून घ्यायला परत बाहेर आली नाही. त्याच महिन्यात हर्षाचं एक स्थळ फिसकटलं होतं, हे कल्पनाला ठाऊक होतं.

हे सांगताना ती पहिल्यांदा स्थिर आवाजात बोलली. खऱ्या चुकीचं वजन माणसाला पेलतं, कारण तिला कड असते. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक वाक्य. "मी माणूसच वाईट" याला कड नसते, म्हणून ते पेलत नाही.

ती नोंद तिच्या नावावर घेतली. पण हळदीनंतर दोन महिने दोघींचं रोज बोलणं चालू होतं, हेही डाव्या बाजूला लिहिलेलं होतं. त्यामुळे सगळं मौन त्या एका वाक्याच्या नावावर टाकायलाही कागद पुरेसा नव्हता. उरलेली रक्कम सस्पेन्समध्ये गेली.

दुखतं का, आणि दुखणं काय सिद्ध करतं

कल्पनाचा एक प्रश्न पुन्हा पुन्हा यायचा. "माझी चूक नसती तर एवढं लागलं असतं का?" याचं उत्तर मी तिला एका प्रयोगाच्या आधारे दिलं. किपलिंग विल्यम्स हे मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत बसले असताना दोन अनोळखी माणसांच्या फ्रिस्बीच्या खेळात ओढले गेले, आणि थोड्या वेळानं त्या दोघांनी त्यांच्याकडे तबकडी टाकणंच बंद केलं. एवढ्याशा गोष्टीनं आपल्याला किती वाईट वाटलं याचं त्यांना नवल वाटलं. त्यातून त्यांनी पडद्यावरचा चेंडूचा खेळ तयार केला. तीन खेळाडू, त्यातले दोघे थोड्या वेळानं तिसऱ्याला चेंडू देणं थांबवतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही जणांना आधीच सांगितलं होतं की समोर माणसं नाहीत, चेंडू संगणकच टाकतोय. तरी त्यांना वाईट वाटलं. आपलं कुणाशी नातं आहे, आपल्याला काही किंमत आहे, आपल्या हातात काही आहे, ही भावना त्यांच्यातही खाली गेली.

संगणकाचा कुणावर राग नसतो. ज्याला वगळलं त्यानं काही केलेलंही नसतं. तरी लागतं. म्हणजे वगळलं जाण्याची वेदना आधी येते, कारण काय ते तिला ठाऊकही नसतं. कल्पनाला किती दुखतंय यावरून तिची चूक केवढी हे मोजता येत नव्हतं. हे ऐकून तिला हायसं वाटलं असं मी म्हणणार नाही. तिनं ते वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या भेटीत म्हणाली की पहाटे जाग आली की ते वाक्य वाचते.

तोलून पाहिलेले पर्याय

जूनच्या अखेरीस चार वाटा समोर होत्या.

पहिली, हर्षाच्या क्लासवर जाऊन थेट विचारायचं. कल्पनाला हीच हवी होती. समोर गेले की तिला बोलावंच लागेल, असं ती म्हणायची. मी विचारलं की विद्यार्थ्यांसमोर, नोकरीच्या जागी अडवलेल्या माणसानं दिलेलं कारण तुला खरं वाटेल का? तिनं प्रामाणिकपणे सांगितलं, नाही. शिवाय जो माणूस बोलायचं नाही म्हणतोय, मग तो न बोलून म्हणत असला तरी, त्याची वाट अडवायचा हक्क आपल्याला मैत्रीनं मिळत नाही. इथे भूमिका उलट करून बघणं उपयोगी पडलं. कुणी मुलगा असा कल्पनाच्या ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला असता तर? तिनं मान खाली घातली आणि तो पर्याय तिथेच संपला.

दुसरी, समान मैत्रिणीमार्फत विचारणं. आपल्याकडे हा रस्ता सगळ्यात सोपा आणि सगळ्यात घसरडा. अमळनेर-धरणगाव-जळगाव हे अंतर गाडीला कमी आणि गोष्टीला त्याहून कमी. मध्यस्थानं निरोप नेला की तो वाढून पोहोचतो. मात्र एक प्रश्न मध्यस्थाला विचारणं योग्य होतं आणि तो आम्ही विचारला. ती ठीक आहे ना? फोटो टाकणाऱ्या त्या मैत्रिणीनं सांगितलं, ठीक आहे, रोज क्लासला जाते. तिथेच थांबायचं, "माझ्याबद्दल काही म्हणाली का?" हा पुढचा प्रश्न करायचा नाही, असं ठरलं होतं. कल्पनानं तो शब्द पाळला.

तिसरी, काहीच न करता नंबर काढून टाकणं. तिला ते खोटं वाटलं. ज्या चुकीचं व्हाउचर हातात होतं, तिची माफी मागायची राहिली असती.

चौथी, एक शेवटचा मेसेज. ती निवडली.

केलेली कृती

मेसेजचे पाच मसुदे झाले. पहिल्या मसुद्यात "मी काय केलं ते एकदा तरी सांग" असं होतं. ते काढलं, कारण त्या वाक्यानं न्यायनिवाड्याची खुर्ची हर्षाला दिली जाते आणि कल्पना पुन्हा निकालाची वाट बघत पिंजऱ्यात उभी राहते. दुसऱ्यात "इतक्या वर्षांची मैत्री अशी तोडतात का?" होतं. तो प्रश्नाच्या वेशातला राग होता. राग खरा होता, पण त्याची जागा वहीत होती. तिनं चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटं, न पाठवायचं पत्र लिहिलं. त्यात तो सगळा उतरवला.

शेवटी गेला तो मेसेज असा:

"हर्षा, हळदीच्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुझ्या लग्नावरून बोलले. तुझं स्थळ मोडलंय हे माहीत असून बोलले. ते चुकलं, मला माफ कर. तू बोलत नाहीस त्याचं कारण तेच आहे की दुसरं काही, ते मला माहीत नाही, आणि तू सांगायलाच पाहिजे असं नाही. कधी बोलावंसं वाटलं तर बोल. यापुढे मी स्वतःहून मेसेज करणार नाही. काकूंचा डबा धरणगावला पोचवते."

"मी नेहमी तुझी वाट बघेन" हे वाक्य तिला घालायचं होतं. मी विरोध केला आणि आमची त्यावर खरीच वादावादी झाली. ती म्हणाली, ते खरं आहे. मी म्हणाले, आज खरं आहे, पण दोन वर्षांनी ते तुझ्यावरचं कर्ज होईल. शेवटी तिनंच "कधी बोलावंसं वाटलं तर बोल" इतकं ठेवलं.

आवाजी मेसेज पाठवायचा नाही, लिहूनच पाठवायचा, हेही ठरवून. आवाजी मेसेज ऐकला गेला की माइकचं चिन्ह निळं होतं आणि ते कुणाला बंदही करता येत नाही. म्हणजे पहारा द्यायला आणखी एक खूण. मेसेज पाठवून झाल्यावर तिनं ती चॅट अर्काइव्ह केली, हर्षाचं स्टेटस म्यूट केलं, आणि स्वतःच्या स्टेटसच्या सेटिंगमध्ये हर्षाला वगळलं. हे शेवटचं तिला कठोर वाटलं. पण यादीत नाव शोधण्याचा रोजचा खेळ त्याशिवाय थांबणार नव्हता. फोन किती वेळा बघते हे ती एका जुन्या पावती पुस्तकाच्या मागे उभ्या रेघा मारून मोजत होती. पहिल्या दिवशी एक्केचाळीस रेघा होत्या.

मग राहिला डबा. मार्चमध्ये हर्षाच्या आईनं त्यातून ज्वारीचे बिबडे पाठवले होते. स्टीलचा, झाकणाची एक कडी ढिली, आणि बुडाशी काकूंचं नाव कोरलेलं. तो कल्पनाच्या ओट्यावर चार महिने होता. तो बघितला की पोटात कालवायचं, आणि तोच हर्षाकडे जायचं निमित्तही होता. म्हणून आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. डबा काकूंचा आहे, तो काकूंना द्यायचा. हर्षा घरी नसेल अशा दिवशी, म्हणजे आठवड्याच्या मधल्या वारी जायचं. हर्षाबद्दल काही विचारायचं नाही.

काय झालं

मेसेजवर त्याच संध्याकाळी निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

डबा श्रावणात, कानबाईच्या सणाच्या आदल्या आठवड्यात पोहोचला. रिकामा डबा कुणी देत नाही, म्हणून तिनं त्यात शेंगदाण्याचे लाडू भरले होते. काकू ओसरीत रोटांसाठी गहू निवडत होत्या. "बठ वं माय," म्हणून त्यांनी पाणी दिलं, आणि कल्पनानं काही विचारायच्या आत स्वतःच म्हणाल्या, "ती आते कोनसंगेच बोलस नही." मग लाडू काढून घेतले आणि डबा बिबड्यांनी भरून पुन्हा कल्पनाच्या हातात दिला.

हे आम्ही कुणीच धरलं नव्हतं. कल्पना क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिनं पिशवी उघडली, बिबडे त्यात ओतून घेतले, डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "काकू, डबा तुमचा आहे, राहू द्या." काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला. दोघींनीही पुढे काही बोललं नाही.

काकूंच्या वाक्यावर कल्पना पुढच्या भेटीत दोन तास बोलू शकली असती. कुणाशीच बोलत नाही, म्हणजे माझ्यामुळे नाही! पण मेहरूणचा फोटोही होताच, हसणारा. आई म्हणते ते एक, फोटोत दिसतं ते दुसरं. दोन्ही डाव्या बाजूला लिहिलं आणि रक्कम सस्पेन्समधून हलवली नाही. मला एक काळजी राहिली. हर्षा खरोखरच सगळ्यांपासून तुटत असेल तर? तेव्हा कल्पनानं काकूंना फोन करून एवढंच सांगितलं की हर्षाला कुणाशी मन मोकळं करावंसं वाटलं तर १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. त्यापलीकडे हर्षाची काळजी घेणं हे हर्षानं मागितलं तरच कल्पनाचं काम होतं.

दिवाळीपर्यंत रेघा सहा-सातवर आल्या. झोप सुधारली. ऑक्टोबरमध्ये जळगाव स्टेशनवर हर्षा समोर दिसली. दोघींची नजर मिळाली, हर्षानं फोनकडे पाहिलं, गाडी आली, कल्पना बायकांच्या डब्यात चढली. धरणगाव जाईपर्यंत तिचे हात थरथरत होते. रात्री तिनं वहीत डावीकडे लिहिलं, "दिसली. निळा ड्रेस. बोलली नाही." उजवीकडे काही लिहिलं नाही.

पुन्हा हेच प्रकरण आलं तर

पहिल्या भेटीतला तो गोड अंदाज मी देणार नाही. "कारण माहीत नाही, आणि माहीत नसताना तू ते स्वतःच्या नावावर टाकते आहेस," एवढंच म्हणेन आणि तिथे शांत बसेन. ते कठीण आहे, पण ते फोटोनं कोसळत नाही.

मेसेजचा निर्णयही लवकर घेता आला असता. तेवीस मेसेज आधीच गेलेले असल्यामुळे चोविसाव्याचं वजन कमी झालं होतं. दहा-बारा दिवस उत्तर नाही म्हटल्यावर एक काळजीचा आणि एक माफीचा, एवढेच गेले असते तर हर्षाला उत्तर द्यायची वाट कदाचित मोकळी राहिली असती. कदाचितच. हेही सस्पेन्सचंच.

सगळ्यात मोठी कसर दुसरीकडे राहिली. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासकांनी १९७० च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करताना एका वेगळ्या दुःखाला नाव दिलं. माणूस गेला आहे की आहे हेच ठरत नाही, म्हणून रडणंही सुरू होत नाही. हर्षाचं तसंच होतं. ती जिवंत, तिचं लास्ट सीन दिसतं, आणि तरी ती नाही. हे मला ठाऊक असूनही मी चार भेटी कारणांच्या मागे घालवल्या. हर्षा का गेली, यावर आम्ही पानंच्या पानं लिहिली. हर्षा गेल्यानं काय गेलं, हे मी पाचव्या भेटीत विचारलं.

कल्पना थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, धरणगाव जवळ आलं की माझा हात अजून शेजारच्या सीटवर जातो. ओढणी उचलायला." आणि ती रडायला लागली. जूनपासून ती माझ्यासमोर अनेकदा रडली होती, पण दर वेळी "माझं चुकलं" म्हणत. त्या दिवशी ती फक्त रडली. मी टेबलावरची वही मिटून ठेवली.